एक चूल, चार पाट्या

रात्री साडेनऊला भूक लागली म्हणून मोबाइलवर जेवण शोधायला बसलात, तर तुमच्या परिसरात बिर्याणीचे एक दुकान दिसते, मालवणी थाळीचे दुसरे, खिचडी-वरणभाताचे तिसरे. तिघांची नावे वेगळी, रंग वेगळे, रेटिंगही वेगळे. प्रत्येकाच्या मेन्यूच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. तो तिन्ही ठिकाणी एकच निघाला, तर समजावे की तिन्ही पातेली एकाच गाळ्यातल्या शेगड्यांवर चढलेली आहेत. बसायला टेबल नाही, गल्ला नाही, वेटर नाही. आत स्वयंपाक होतो आणि दारातून डिलिव्हरीवाला पिशवी घेऊन जातो. यालाच क्लाउड किचन म्हणतात.

या धंद्यात उतरणारी मंडळी मेन्यूवर महिनोन्‌महिने डोके घालतात. पाकिटाचा रंगही दहा वेळा बदलतात. नाव मात्र एका संध्याकाळी चहा पिता पिता ठरते, आणि बहुतेक वेळा तिथेच पहिली गफलत होते. चार प्रकारचे जेवण एका स्वयंपाकघरातून विकायचे असेल तर नावे दोन जातींची लागतात. एक नाव स्वयंपाकघराचे आणि बाकीची त्यातून निघणाऱ्या जेवणाची. दोन्हींची कामे इतकी वेगळी आहेत की एकासाठी चांगले असलेले नाव दुसऱ्यासाठी हमखास वाईट ठरते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यातूनच उभे राहिले. २००४ च्या सुमारास पुण्यात फासोस नावाने रोल विकणे सुरू झाले. मैद्याच्या पातळ पोळीत गुंडाळलेले कबाब, पनीर, अंडे असा मामला होता. पुढे कंपनी वाढली, बसून खायची दुकाने मागे पडली आणि घरपोच जेवणाची मोठमोठी स्वयंपाकघरे उभी राहिली. फासोस म्हणजे रोल, ही ओळख तोवर ग्राहकाच्या डोक्यात पक्की बसली होती. ज्या नावाने आपण रोल मागवतो त्याच नावाची दम बिर्याणी मागवायला मन सहज तयार होत नाही. रोलवाल्याने केलेली बिर्याणी, अशीच ती वाटते. म्हणून त्याच स्वयंपाकघरांतून बिर्याणीसाठी बेहरूझ हे इराणी वळणाचे नाव आले, पिझ्झासाठी ओव्हन स्टोरी, गोडासाठी स्वीट ट्रुथ. २०१८ मध्ये कंपनीने स्वतःचे नावही बदलून रेबेल फूड्स केले. फासोस हे नाव गेले नाही. ते रोलवर राहिले, कारण ते रोलचेच होते. वर जे नवीन नाव आले त्यात कोणताच पदार्थ नाही, कोणतेच गाव नाही, कोणतीच चव नाही. त्यामुळे उद्या कंपनीने इडली विकायला घेतली तरी ते नाव आड येत नाही.

एवढ्या मोठ्या कंपनीला जे बऱ्याच वर्षांनी करावे लागले, ते पाच माणसांच्या स्वयंपाकघराला पहिल्याच दिवशी करता येते, आणि तेही फुकट.

एक उदाहरण घेऊन सगळे नीट पाहू. समजा, पुण्यात वाकडला साडेचारशे चौरस फुटांचा एक गाळा भाड्याने घेतला आहे. दोन भागीदार आहेत आणि तीन मदतनीस. एका भागीदाराचे आजोळ मालवणकडचे, म्हणून मालवणी थाळी विकायची हे पक्के आहे. आसपास सगळी आयटीतली भाडेकरू मुले, त्यामुळे शनिवार-रविवारी बिर्याणी चालणार. आठवड्याच्या मधल्या रात्री हीच मुले पोट बिघडले किंवा कंटाळा आला म्हणून खिचडी शोधतात, तेव्हा तिसरे दुकान त्याचे. इथे सुचणारे पहिले नाव ‘मालवण किचन’. मनापासून सुचलेले आहे आणि थाळीपुरते वाईटही नाही. परवान्यावर, बँक खात्यावर, भाडेकरारावर तेच चढले की सहा महिन्यांनी ‘मालवण किचन’ची पनीर बिर्याणी विकायची वेळ येते.

म्हणून वरचे नाव असे हवे की त्यात काय शिजते ते कळू नये. हे नाव कोण वाचणार? अन्न परवाना देणारा अधिकारी, बँक, जागामालक, गॅस आणि चिकन देणारा, जीएसटी भरून देणारा सल्लागार. यांच्यापैकी कुणालाही ते वाचून भूक लागायची गरज नाही. ते लहान असावे, उच्चारायला सोपे असावे आणि दहा वर्षे बदलावे लागू नये. आपल्या उदाहरणापुरते ‘ओटा फूड्स’ म्हणू. स्वयंपाकघरातला ओटा प्रत्येक घरात असतो, त्यावर मासेही साफ होतात आणि श्रीखंडही फेटले जाते.

जेवणाच्या नावांचे काम बरोबर उलटे. तिथे माणूस अंगठ्याने पडदा वर सरकवत असतो आणि प्रत्येक दुकानाच्या वाट्याला क्षणभराची नजर येते. त्या क्षणात नावाने सांगायला हवे की इथे अमुक मिळते. मग नुसते ‘मालवणी थाळी हाऊस’ का ठेवू नये? कारण तसे ठेवणारे त्याच पडद्यावर आणखी चार असतात. ग्राहकाला जेवण आवडले तरी पुढच्या वेळी यातले नेमके कोणते मागवले होते ते आठवत नाही. मधला रस्ता असा की नावाचे दोन तुकडे करायचे. पुढचा तुकडा आपला, लक्षात राहणारा. मागचा तुकडा सरळ, काय मिळते ते सांगणारा. ‘तिरफळ : मालवणी थाळी’. बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडते हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही, नाव वाचताच त्याला तो वास येतो. ज्याला तिरफळ माहीत नाही त्याच्यासाठी मागचे दोन शब्द आहेत. तसेच बिर्याणीसाठी ‘सरपोस : दम बिर्याणी’. ताटावर किंवा भांड्यावर घालायचे झाकण म्हणजे सरपोस, आणि दम बिर्याणीचा सगळा जीव झाकणाखालच्या वाफेत असतो. खिचडी-वरणभाताला ‘मेतकूट : खिचडी आणि वरणभात’. आजारपणातल्या मऊ भाताची आठवण त्या एका शब्दात आहे. ही तिन्ही नावे इथे केवळ नमुन्याला घेतली आहेत. खऱ्या धंद्यात ती कुणी आधीच घेतलेली आहेत का, ते तपासावे लागेल. त्याकडे येतोच.

त्याआधी एक चाचणी. मराठी नावे कानाला गोड लागतात, पण बहुतेक ग्राहक शोधताना ती इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. ‘झणझणीत’ हे नाव घ्या. कुणी Zanzanit लिहील, कुणी Jhanjhanit, कुणी Zhanzhaneet. ‘पोळी’तला ळ इंग्रजीत नुसता l होतो आणि Poli वाचून अमराठी माणसाला काहीच बोध होत नाही. मित्राने फोनवर नाव सांगितले आणि ऐकणाऱ्याला ते अॅपवर सापडले नाही, तर तोंडी प्रसिद्धीतून येणारे गिऱ्हाईक तिथेच गेले. म्हणून नाव ठरवण्यापूर्वी ते ओळखीच्या आठ-दहा जणांना फोनवर फक्त ऐकवावे आणि जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहून पाठवायला सांगावे. त्यांत मराठी न बोलणारेही हवेत, वाकडसारख्या भागात तर हवेतच. Ota ला Ota आणि Otta अशी फार तर दोन रूपे येतील. Tirphal आणि Tirfal हीही दोनच. Metkut लाही थोडीच येतील. ज्या नावाला पाच-सहा रूपे येतात ते कितीही लाडके असले तरी मी सोडून देईन. दोन रूपे असतील तर जास्त जणांनी लिहिलेले रूप पाटीवर घ्यावे. शुद्धलेखनाचा आग्रह इथे देवनागरी पाटीपुरता धरावा.

आता तपासणी. भारत सरकारच्या ट्रेड मार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही नाव शोधता येते. हॉटेल, खानावळ, केटरिंग, घरपोच जेवण या सेवा वर्ग ४३ मध्ये येतात. मसाले, तांदूळ, तयार बिर्याणीची पाकिटे असा माल विकायचा असेल तर वर्ग ३०. शोध घेताना एकच स्पेलिंग टाकून थांबू नये, सारख्या उच्चाराची नावे दाखवणारा वेगळा पर्याय असतो तो वापरावा, कारण कायद्यात उच्चाराचे साम्यही मोजले जाते. Tirphal मोकळे दिसले आणि Tirfal कुणाच्या नावावर असले तर ते मोकळे नाही.

अर्ज लहान उद्योगाने किंवा एकट्या व्यक्तीने ऑनलाइन केला तर एका नावाला एका वर्गात ४,५०० रुपये सरकारी शुल्क पडते, मोठ्या कंपनीला ९,०००. आपल्या उदाहरणात वरचे एक आणि खालची तीन अशी चार नावे आहेत. सगळी वर्ग ४३ मध्ये टाकली तर १८,००० रुपये होतात, वकिलाचे पैसे वेगळे. नुकत्याच उघडलेल्या स्वयंपाकघराला ही रक्कम जड जाते. अशा वेळी मी म्हणेन की ‘ओटा’ आणि तिघांपैकी ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा आहे ते एक नाव, एवढेच पहिल्या दिवशी नोंदवा. ९,००० रुपयांत काम होईल. बाकीची दोन दुकाने चालतात की नाही ते तीन-चार महिन्यांत कळते. न चालणाऱ्या नावावर पैसे कशाला घालायचे? पण चालायला लागले की मात्र थांबू नये. नोंदणी मिळाली की ती दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते.

एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. मालाचे किंवा सेवेचे नुसते वर्णन करणारा शब्द कायदा कुणा एकाच्या मालकीचा होऊ देत नाही. ‘मालवणी’, ‘कोल्हापुरी’, ‘घरगुती’, ‘गरमागरम’ हे सगळ्यांचे शब्द आहेत. तिरफळ हा थाळीच्या दुकानासाठी सूचक शब्द आहे, तो थाळीचे वर्णन करत नाही, त्यामुळे वर्ग ४३ मध्ये त्याला जागा मिळण्याची आशा धरता येते. पण उद्या याच नावाने वाळवलेल्या तिरफळाची किंवा मासळीच्या मसाल्याची पुडी विकायची म्हटले, तर वर्ग ३० मध्ये तोच शब्द मालाचे सरळ नाव होतो. मेतकुटाचेही तसेच. म्हणजे पुढे मसाले विकायचा बेत असेल तर नाव निवडतानाच तो धरायला हवा. त्या हिशेबाने तिघांत ‘सरपोस’ सर्वांत पुढे जाऊ शकणारे आहे.

नावावरून भांडण किती लांबते, हे पुण्याने पाहिलेले आहे. बर्गर किंग नावाचे एक स्थानिक खाद्यगृह पुण्यात १९९२ पासून चालू आहे. त्याच नावाची अमेरिकन कंपनी भारतात २०१४ मध्ये आली, पण तिने पुण्याच्या खाद्यगृहाविरुद्ध दावा त्याआधीच, २०११ मध्ये लावला होता. जिल्हा न्यायालयाचा निकाल २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुणेकर खाद्यगृहाच्या बाजूने लागला. मुख्य मुद्दा असा की अमेरिकन कंपनी इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव इथे वापरात होते. त्यानंतरही प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलेच. लहान स्वयंपाकघराने यातून घ्यायची गोष्ट अगदी साधी आहे. आपण नाव कधीपासून वापरतो याचे पुरावे जपून ठेवायचे. पहिले बिल, पाकिटे छापल्याची पावती, अॅपवरच्या पहिल्या महिन्याचा हिशेब, हे सगळे एका फायलीत. नोंदणीचे पैसे जुळेपर्यंत तीच फाइल पाठीशी उभी राहते.

परवान्याचे गणित वेगळे आहे. अन्न सुरक्षेचा परवाना जागेला मिळतो. एकाच गाळ्यात एकाच मालकाची तीन नावे चालत असली तरी त्यांच्या मागे परवाना एकच असतो. त्याच मालकाने हडपसरला दुसरा गाळा घेतला तर नावे तीच राहून परवाना नवा लागतो. १ जानेवारी २०२२ पासून हा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापणे बंधनकारक आहे. त्याचा पहिला आकडा १ असेल तर परवाना आणि २ असेल तर लहान धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा १५. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच बिलांवर ११५ किंवा २१५ ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर तो टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते समोर येते. तिथे ग्राहकाला ‘तिरफळ’ दिसणार नाही, ‘ओटा फूड्स’ दिसेल.

यातून एक जोखीम निघते आणि तिचा विचार नाव ठेवतानाच करायला हवा. अॅपवर तिघांचे रेटिंग वेगवेगळे असते. खिचडी एक दिवस करपली तर तिचा फटका बिर्याणीला बसत नाही. वेगळी नावे घेण्याचा हा मोठा फायदा. पण मासळी खाऊन कुणाला विषबाधा झाली आणि परवाना निलंबित झाला, तर तिन्ही दुकाने एकाच क्षणी बंद होतात. नावांच्या भिंती ग्राहकाच्या डोळ्यांपुरत्या आहेत, शेगड्यांच्या मध्ये भिंत नाही.

आणि इथेच शाकाहाराचा प्रश्न येतो. ‘मेतकूट’मध्ये फक्त शाकाहारी जेवण आहे. म्हणून नावाला ‘शुद्ध शाकाहारी’ किंवा ‘सात्त्विक’ जोडायचा मोह होतो, आणि गिऱ्हाईकही त्याने नक्की वाढते. पण त्याच ओट्यावर सकाळी बांगडे साफ झालेले असतात. चतुर्थीचा उपास सोडण्यासाठी कुणी वरणभात मागवला, तर त्याने ते नाव वाचून एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती खरी नसते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मला दंडापेक्षा त्या माणसाच्या ताटाची काळजी जास्त वाटते. वेगळी भांडी, वेगळा फ्रीज, वेगळा माणूस ठेवून वेगळ्या खोलीत शाकाहारी स्वयंपाक करणे शक्य असेल तर खुशाल तसे नाव घ्यावे. नसेल तर ‘मेतकूट’ एवढेच पुरे आहे, आणि मेन्यूच्या वर एक ओळ असावी : याच स्वयंपाकघरात मांसाहारही बनतो. काही गिऱ्हाईक जाईल. जायला हवे, ते आपले नव्हतेच.

आडपडदा ठेवला की काय होते ते अमेरिकेत २०२० मध्ये दिसले. चक ई. चीज ही तिथली मुलांच्या वाढदिवसांसाठी प्रसिद्ध असलेली पिझ्झा दुकानांची साखळी. टाळेबंदीत तिने ‘पास्क्वालीज पिझ्झा अँड विंग्ज’ या नावाने घरपोच पिझ्झा विकायला सुरुवात केली. फिलाडेल्फियातल्या एका ग्राहकाला आपण शेजारच्या एखाद्या छोट्या इटालियन दुकानाला मदत करतो आहोत असे वाटले. चव ओळखीची लागली म्हणून शोध घेतला, तर पत्ता चक ई. चीजचा निघाला. पास्क्वाली हे त्याच साखळीच्या बाहुल्यांच्या वाद्यवृंदातल्या एका पात्राचे नाव आहे. म्हणजे कंपनीने धागा ठेवला होता, पण तो आतल्यांनाच ओळखता येईल असा. बातमी देशभर पसरली. त्या पिझ्झाला कुणी वाईट म्हटले म्हणून नव्हे, फसवले गेल्याच्या भावनेने. पाकिटावर एक ओळ आधीच असती तर ही बातमी झाली नसती. आपल्या उदाहरणात ती ओळ अशी असेल : ‘तिरफळ, ओटा फूड्सच्या स्वयंपाकघरातून’. अक्षर बारीक चालेल, पण वाचता यायला हवे.

आता गाळ्याच्या आत येऊ, कारण नावांची खरी परीक्षा रात्री नऊच्या गर्दीत होते. तिन्ही दुकानांच्या ऑर्डरी एकाच छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठ्या होऊन बाहेर पडतात. या चिठ्ठीला धंद्यात केओटी म्हणतात. स्वयंपाकी ती पूर्ण वाचत नाही. वरचे पहिले अक्षर आणि पदार्थाचे नाव एवढे पाहून तो कढईकडे वळतो. पॅकिंग करणारा मुलगा त्याच चिठ्ठीवरून डबा, स्टिकर आणि पिशवी निवडतो. समजा नावे ‘घरची थाळी’, ‘घरची बिर्याणी’ आणि ‘घरचा भात’ अशी ठेवली. एका घरातली भावंडे वाटतात, जाहिरातीतही छान दिसतात. पण घाईत ‘घरची’ एवढेच डोळ्यांत शिरते आणि बिर्याणीवाल्याला थाळीची पिशवी जाते. आत पदार्थ बरोबर असला तरी पिशवी चुकली की ग्राहकाला वाटते, दुसऱ्याचेच जेवण आले. तक्रार होते, पैसे परत जातात, रेटिंग पडते. म्हणून एका छताखालच्या नावांची पहिली अक्षरे वेगळी असावीत, उच्चार वेगळे असावेत आणि स्टिकरचे रंग तर लांबूनही ओळखता यावेत. त, स आणि म. तिरफळ, सरपोस, मेतकूट. ही निवड करताना मी अर्थाइतकाच या चिठ्ठीचा विचार केला.

दाराबाहेरची पाटी हा पुढचा मुद्दा. डिलिव्हरीवाल्याच्या फोनवर ‘सरपोस’ आलेले असते आणि नकाशा त्याला गाळ्याच्या दारात आणून सोडतो. दारावर ‘ओटा फूड्स’ लिहिलेले पाहून तो पुढे जातो, फोन करतो, शेजारच्या दुकानात विचारतो. तोवर बिर्याणी काउंटरवर निवत असते. म्हणून पाटीवर वरचे नाव मोठे आणि खाली तिन्ही नावे लिहावीत. महाराष्ट्रात दुकाने-आस्थापनांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत असणे बंधनकारक आहे, आणि दुसऱ्या लिपीत लिहिले तर मराठी अक्षरे त्यापेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम लहान दुकानांनाही लागू झाला. नाव आधीच इंग्रजी असेल तर ते देवनागरीत कसे दिसते ते पाटी रंगवण्यापूर्वी कागदावर लिहून पाहावे. कित्येक इंग्रजी नावे देवनागरीत आली की वाचताच येत नाहीत.

आता सर्वांत मोठा मोह. एखादे नाव पडले, रेटिंग तीनच्या खाली गेले, तर तेच जेवण नव्या नावाने पुन्हा मांडायचे. किंवा धंदा चांगला चालतोय म्हणून एकाच बिर्याणीची तीन नावे करून पडद्यावर तीन जागा अडवायच्या. परदेशात याचा इतका सुळसुळाट झाला की उबर ईट्सने २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातली जवळपास ५,००० अशी दुकाने आपल्या यादीतून काढली, आणि मूळ दुकानाच्या मेन्यूपेक्षा नव्याचा मेन्यू किमान ६० टक्के वेगळा असावा अशी अट घातली. ही अट कुणी आपल्यावर घातलेली असो वा नसो, नवे नाव घ्यावे की नाही हे ठरवायला तिच्यासारखा मापदंड मला दुसरा दिसत नाही. ओटा फूड्सला चौथे दुकान काढायचे असेल तर कागदावर दोन मेन्यू शेजारी शेजारी मांडावेत. बिर्याणीवाल्या ‘सरपोस’मधलेच कबाब आणि तंदुरी चिकन काढून ‘कबाबवाला’ नावाचे दुकान होणार असेल, तर वीसपैकी पंधरा पदार्थ तेच निघतील. मग ते नवे दुकान नव्हे, ‘सरपोस’च्या मेन्यूतले एक पान आहे, आणि ते तिथेच ठेवावे. प्रत्येक नव्या नावामागे नवे स्टिकर, नव्या पिशव्या, नवे फोटो आणि शून्यातून उभे करायचे रेटिंग येते. पाच माणसांचे स्वयंपाकघर तीनपेक्षा जास्त नावे नीट सांभाळू शकते, असे मला वाटत नाही.

शेवटी एक कागद, जो सहसा भांडण झाल्यावरच आठवतो. आपल्या उदाहरणात भागीदार दोन आहेत. ‘तिरफळ’ची चव एकाच्या आजोळची, अॅपचे खाते दुसऱ्याच्या मोबाइल क्रमांकावर, आणि ट्रेड मार्कचा अर्ज घाईत ज्याचे आधार कार्ड हाताशी होते त्याच्या नावाने भरलेला. उद्या दोघे वेगळे झाले तर गाळा, शेगड्या आणि फ्रीज वाटून घेता येतात. नाव वाटता येत नाही. म्हणून भागीदारीच्या करारात प्रत्येक नावापुढे लिहावे की ते फर्मचे आहे की व्यक्तीचे, फर्म मोडली तर कोण ते वापरणार आणि दुसऱ्याला त्याबद्दल काय मिळणार. ट्रेड मार्कचा अर्जही त्याच नोंदीप्रमाणे भरावा. अॅपवरची तिन्ही खाती फर्मच्या ईमेलवर आणि फर्मच्या क्रमांकावर काढावीत. आधीच एखाद्याच्या नावावर काढली असतील तर संबंध गोड असतानाच बदलून घ्यावीत.